मदत हवी आहे : यंत्र-भाषांतरात हरवलेला नकार कसा पकडावा?

नमस्कार. मी ठाण्यात घरूनच औषधांच्या माहितीपत्रकांची इंग्रजीतून मराठीत आलेली यंत्र-भाषांतरे मूळ मजकुराशी ताडून पाहण्याचे काम करते.

आकड्यांसाठी दोन्हीकडचे आकडे स्प्रेडशीटमध्ये शेजारी शेजारी मांडते. ५० चे ५०० झाले असतील तर लगेच दिसते. 'अडीच'सारखे शब्द मात्र डोळ्यांनीच तपासावे लागतात.

खरी अडचण नकाराची आहे. मागच्या आठवड्यात, मूळ इंग्रजीचा अर्थ 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या थांबवू नका' असा असताना, भाषांतरात 'डॉक्टरांनी सांगितल्यास गोळ्या थांबवू नका' असे आले. मुळातल्या 'नॉट' आणि 'अनलेस' यांपैकी 'अनलेस'चा नकार गळाला होता, पण 'नका' जागेवर असल्याने आणि वाक्य व्याकरणशुद्ध, ओघवते असल्याने पहिल्या वाचनात माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली. नंतर मूळ मजकूर झाकून, 'हे वाचून रुग्ण नेमके काय करील?' असे प्रत्येक वाक्याला विचारत गेले, तेव्हा अर्थ पार उलटल्याचे ध्यानात आले. एका प्रत्ययाचा फरक, पण त्यामुळे रुग्ण डॉक्टरांचे ऐकणारच नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

आता 'अनलेस', 'अंटिल', 'विदाउट', 'नो मोअर दॅन' असलेली मूळ वाक्ये मी आधीच वेगळी काढते. या यादीत आपण आणखी कोणते शब्द घालाल? आणि 'मे नॉट' म्हणजे 'करू नये' की 'कदाचित होणार नाही', हे संदर्भ अपुरा असताना आपण कसे ठरवता?