प्रतिसाद : गर्दीतल्या लोकलसाठी छोट्या कादंबऱ्या

«उभ्यानेच वाचावे लागते, स्टेशन आले की पुस्तक मिटावे लागते. छोटी, खिळवून ठेवणारी कादंबरी सुचवा.»

माझ्या मते अशा वाचनासाठी पानांची संख्या कमी असणे पुरेसे नाही. पुस्तक कुठेही मिटले तरी दुसऱ्या दिवशी मागची पाने न चाळता पुढे जाता आले पाहिजे. या कसोटीवर मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सर्वांत आधी सुचवेन. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर स्वतः कथा सांगतो, त्यामुळे निवेदनाचा धागा एकच राहतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे आपापल्या प्रसंगांतून इतकी ठसठशीत उभी राहतात की नावे लक्षात ठेवण्याचे कष्ट पडत नाहीत. वाक्ये छोटी आहेत, म्हणून धक्क्याने नजर हलली तरी ओळ चटकन सापडते. सुरुवात मात्र संथ आहे आणि येथेच काही जण पुस्तक सोडतात. शाळा भरू लागेपर्यंत धीर धरावा. तालमीची उभारणी आणि शेवटचा दुष्काळ यांत वाचक पुरता गुंततो, आणि ती शेवटची पाने शक्यतो एका प्रवासात सलग वाचावीत.

याहून वेगवान काही हवे असेल, तर त्यांचीच वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षावरील 'सत्तांतर' घ्यावी. ती आणखी छोटी आहे, परंतु टोळीतील वानरे ओळखीची होईपर्यंत खंड पडलेला चालत नाही. म्हणून तिचा आरंभ बसायला जागा मिळेल त्या दिवशी करावा.