मदत हवी आहे: टेंडर हुकलं, गुण कुठे गेले हे नीट कसं विचारावं?

नोंदवही

नमस्कार मंडळी. जुन्या दस्तऐवजांचं स्कॅनिंग करून त्यांची सूची तयार करणं, हे आमचं काम. आम्ही सहा जण आहोत. एका सार्वजनिक संस्थेच्या अभिलेखांच्या टेंडरसाठी आम्ही दोन महिने राबलो. परवा पत्र आलं की आमची निविदा निवडली गेलेली नाही.

पत्रात इतकंच आहे: आमचे एकूण गुण ७८.३०, निवडलेल्या निविदेचे ८२.७९. टेक्निकलला ७० टक्के भार होता आणि दराला ३०. दरांचे लिफाफे सगळ्यांसमोर उघडले होते, त्यामुळे आमचा दर सर्वांत कमी होता आणि निवडलेल्या कंपनीचा दर आमच्यापेक्षा १२ टक्के जास्त होता, हे आम्हाला माहीत आहे.

हीच संस्था दुसऱ्या विभागाच्या अभिलेखांसाठी पुन्हा टेंडर काढणार आहे. तेव्हा भांडण नको, पण आमचे गुण कुठे गेले हे कळायला हवं. मी लिहिलेला मसुदा असा आहे:

"आपला निर्णय आम्हाला मान्य आहे. तथापि सर्वांत कमी दर असूनही आमची निवड न झाल्याने आमच्यावर अन्याय झाला आहे असे वाटते. कृपया निवडलेल्या निविदेची प्रत व सविस्तर कारणे द्यावीत."

माझ्या भागीदाराचं म्हणणं आहे की पत्र पाठवूच नये, पुढच्या वेळी दर आणखी १० टक्के उतरवावा. काय करू?

सडेतोड

पत्रबित्र सोडा. सर्वांत कमी दर तुमचा आणि काम दुसऱ्याला? सरळ लेखी आक्षेप नोंदवा. आक्षेपाची मुदत फार थोडी असते, ती गेली की कोणी ऐकून घेत नाही. माहिती मागत बसलात तर तेवढ्यात करारावर सह्या होतील.

तिसरा_लिफाफा

ताई, आमचंही असंच झालं. आमचं टेंडर तर उघडल्या दिवशीच बाद झालं, कारण बयाणा रकमेची हमी आठ दिवस कमी मुदतीची निघाली. किती गुण मिळाले म्हणून विचारलं, तर उत्तर आलं की गुण दिलेच नाहीत. तेव्हापासून हमीची तारीख मी तीनदा तपासते. तुम्हीही आधी तुमची हमी बघा.

नोंदवही

@तिसरा_लिफाफा, तुमच्या बाबतीत वाईट झालं. आमची निविदा मात्र बाद नाही झाली. गुण दिलेत, पण कुठे किती ते सांगितलेलं नाही.

समितीतला

मी बरीच वर्षं मूल्यांकन समित्यांवर काम केलं आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

सडेतोड यांची मुदतीची गोष्ट अगदी खरी आहे, ती विसरू नका. पण हा आक्षेपाचा विषय नाही. गुणभार आधीच जाहीर केलेला असेल, तर कमी दरवाल्याला काम न मिळणं हे नियमाला धरूनच आहे. जाहीर केलेल्या निकषांपेक्षा वेगळ्या निकषावर गुण दिले असतील, तर आक्षेपाला जागा आहे, आणि तेही गुणांची फोड पाहिल्याशिवाय कळणार नाही. लक्षात ठेवा, फोड मागितल्याने आक्षेपाची मुदत सहसा थांबत नाही. टेंडरच्या दस्तऐवजात दोन्ही मुदती शोधा आणि मागणी लगेच करा. जागतिक बँकेच्या खरेदी नियमांखालच्या बऱ्याच टेंडरांत खुलासा मागायला फक्त तीन कामकाजाचे दिवस असतात.

आता पत्र लिहिण्याआधी हिशेब करू, कारण काय विचारायचं ते त्यातूनच ठरेल. दराचे गुण बहुतेक ठिकाणी असे काढतात: सर्वांत कमी दराला १००, बाकीच्यांना सर्वांत कमी दर भागिले त्यांचा दर गुणिले १००. तुम्हाला १००, म्हणजे भारानुसार ३०. त्यांचा दर १२ टक्के जास्त, म्हणजे ८९.२९ गुण, भारानुसार २६.७९. हे एकूण गुणांतून वजा करा. टेक्निकलचे तुमचे ४८.३० उरतात, त्यांचे ५६. त्यांना ७० ने भागून १०० ने गुणलं की तुमचे टेक्निकल गुण येतात ६९ आणि त्यांचे ८०.

म्हणजे दरात तुम्ही ३.२१ गुणांनी पुढे होता आणि टेक्निकलमध्ये ७.७० गुणांनी मागे. तुमच्या भागीदारांना हे दाखवा. दर आणखी १० टक्के उतरवला असता, तर त्यांचे दराचे गुण २४.११ झाले असते आणि एकूण ८०.११. तरीही ते तुमच्या ७८.३० च्या पुढेच राहिले असते. निव्वळ दरावर जिंकायचं तर तुम्हाला जवळजवळ १७ टक्के उतरावं लागलं असतं. त्या दरात सहा जणांचा पगार निघेल का, ते तुम्हीच जाणा.

नोंदवही

सर, हे एवढ्या पत्रातून निघेल असं वाटलंच नव्हतं. ६९ आणि ८०! आम्ही रात्रभर दराचीच चर्चा करत होतो. पण मग विचारायचं काय? निवडलेल्यांची निविदा मागू नये का?

समितीतला

मागू नका. त्यात त्यांची कामाची पद्धत आणि माणसांची माहिती असते, ती गोपनीय म्हणून नाकारतात. एकदा का पत्रात नाकारण्यासारखी गोष्ट आली, की अख्ख्या पत्रालाच नकार देणं सोपं होतं. त्याऐवजी तुमचे स्वतःचे उपनिकषांनुसार गुण मागा, जिथे गुण गेले तिथला समितीचा शेरा मागा आणि निवडलेली निविदा कोणत्या बाबतीत सरस ठरली ते मोघम का होईना, सांगायला सांगा.

तुमच्या मसुद्यात दोन वाक्यं धोक्याची आहेत. "निर्णय आम्हाला मान्य आहे" लिहू नका. उद्या गुण जोडण्यात चूक सापडली, तर हेच वाक्य तुमच्यापुढे ठेवतील. "निर्णयाची नोंद घेतली" पुरेसं आहे. आणि "अन्याय" हा शब्द आला की खरेदी अधिकारी ते पत्र विधी शाखेकडे पाठवतो. तिथून आलेल्या उत्तरात कामाचं काही नसतं. मी असा लिहीन:

"विषय: निविदा क्र. … मधील गुणदानाची माहिती मिळणेबाबत.

आपले दि. … चे पत्र मिळाले. निर्णयाची नोंद घेतली आहे. मूल्यांकनासाठी समितीने दिलेल्या वेळेबद्दल आभार. यापुढील निविदांत आमचे प्रस्ताव सुधारता यावेत, यासाठी पुढील माहिती मिळावी ही विनंती: आमच्या तांत्रिक प्रस्तावाला प्रत्येक उपनिकषात मिळालेले गुण, ज्या उपनिकषांत गुण कमी मिळाले त्यांबाबतचे समितीचे अभिप्राय, आणि निवडलेला प्रस्ताव कोणत्या बाबींत सरस ठरला याचे सर्वसाधारण स्वरूप. अन्य निविदाकारांची गोपनीय माहिती आम्हाला अपेक्षित नाही. आपल्याला सोयीचे असल्यास अर्ध्या तासाच्या बैठकीतही हे समजून घेता येईल."

टेंडरमध्ये दिलेल्या अधिकृत पत्त्यावरच पाठवा. समितीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करू नका, त्याने त्या माणसाची अडचण होते आणि तुमचीही.

सडेतोड

ठीक, गुणभार जाहीर होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण "आक्षेपाचा हक्क राखून" असं एक वाक्य घालायला काय हरकत आहे?

समितीतला

काहींना ते हवंसं वाटतं. माझ्या मते या पत्रात नको, त्याने सूर बदलतो. आक्षेप घ्यायचाच ठरला, तर मुदतीत वेगळं पत्र द्यावं. यावर जाणत्यांचंही एकमत नाही.

नोंदवही *(अकरा दिवसांनंतर)*

उत्तर आलं! बैठक नाही दिली, पण दोन पानी पत्र आहे. कार्यपद्धतीत ४० पैकी २९, मनुष्यबळात ३० पैकी १६, अनुभवात ३० पैकी २४. बेरीज बरोबर ६९.

मनुष्यबळाचा शेरा जसाच्या तसा देते: "प्रकल्प प्रमुख व सूचीकार यांच्या परिचयपत्रांत कामांचा कालावधी नमूद नाही, अनुभवाची वर्षे पडताळता आली नाहीत. पर्यायी व्यक्तींची नावे नाहीत." आमच्या सूचीकार बाई चौदा वर्षं हे काम करताहेत. परिचयपत्रात आम्ही "प्रदीर्घ अनुभव" एवढंच लिहिलं होतं. वाचून फार वाईट वाटलं, कारण त्यांचा यात काहीच दोष नाही.

कार्यपद्धतीचा शेरा मात्र एकच ओळ आहे: "मांडणी सर्वसाधारण स्वरूपाची."

समितीतला

समितीला बाई भेटत नाहीत, फक्त कागद भेटतो. प्रत्येक कामापुढे सुरुवातीचा आणि शेवटचा महिना, तिथली जबाबदारी, किती पानांची सूची केली, खाली त्यांची सही. आणि प्रत्येक मुख्य पदासाठी पर्यायी नाव. समजा एवढ्याने १६ चे २६ झाले असते, तर १० गुण, भारानुसार ७. तुमची तफावत ४.४९ ची होती. पुढचे गुण असेच मिळतील असं मी म्हणत नाही. समिती बदलते आणि समोर कोण उभं राहील तेही.

"सर्वसाधारण" याचा अर्थ बहुधा असा, की तुमची कार्यपद्धती कुठल्याही अभिलेखांना चालेल अशी होती. त्यांच्या टेंडरमध्ये ठिसूळ कागद, बांधीव खंड, वाळवी लागलेली पानं असं काही लिहिलं होतं का? त्यावर तुम्ही काय लिहिलंत?

नोंदवही

बांधीव खंडांचा उल्लेख होता. आम्ही सपाट स्कॅनरचीच माहिती दिली. खंड उलगडून दाबायचे नसतील तर वरून छायाचित्र घेणारं यंत्र लागतं, ते आमच्याकडे आहे, पण प्रस्तावात लिहिलंच नाही. आता तेच कारण होतं का, हे विचारायला पुन्हा पत्र पाठवू का?

तिसरा_लिफाफा

मी नसतं पाठवलं. एकदा दिलं ना त्यांनी उत्तर.

समितीतला

मला वाटतं, एक छोटं आभाराचं पत्र जावं आणि त्यात हा एकच प्रश्न असावा, "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर देता येईल असा. उत्तर न आल्यास तिथेच थांबा. नव्या टेंडरच्या निविदापूर्व बैठकीत बांधीव खंडांबद्दल सगळ्यांसमोर विचारता येईलच, आणि त्याचं उत्तर त्यांना लेखी द्यावं लागतं.

नोंदवही

आभाराचं पत्र आज लिहिते. सूचीकार बाई जुनी कामाची पत्रं घेऊन बसल्या आहेत, महिने जुळवताहेत. उत्तर आलं तर इथेच टाकेन.