मदत हवी आहे: "सॅलडमध्ये काच" असा प्रसंग परीक्षेत आला तर तपास आणि नोंद कोणत्या क्रमाने लिहायची?

पाणीपुरवठा_टेबल६
हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या सत्राची तयारी चालू आहे. सराव प्रश्नपत्रिकेत २० गुणांचा एक प्रसंग आहे आणि आमच्या गटात त्यावरून दोन तट पडलेत. प्रसंग थोडक्यात असा:

दुपारी १:२० ला टेबल ६ वरच्या ग्राहकाने डबाबंद माशाच्या सॅलडमध्ये साधारण ६ मि.मी. लांबीचा पारदर्शक, टोकदार तुकडा सापडल्याची तक्रार केली. "दाताखाली कचकन आलं" असं ते म्हणाले. रक्त नाही, दुखत नाही. डबा १२:२५ ला उघडला, १२:३५ ला सॅलड एकाच भांड्यात कालवलं, १२:५० पर्यंत भांडं काउंटरवर उघडं होतं. १२:४० ला त्याच काउंटरपासून हाताच्या अंतरावर पाण्याचा ग्लास फुटला. वेटरने झाडून घेतलं, तोडफोड रजिस्टरमध्ये नोंद नाही. भांड्यातून ८ वाढप निघाले, ५ गेले, ३ फ्रीजमध्ये आहेत. "व्यवस्थापक म्हणून तुमची कृती, तपास आणि घटना अहवाल लिहा."

अर्ध्या गटाचं म्हणणं, उत्तर उघड आहे: ग्लास फुटला, काच पडली, नोंद केली नाही म्हणून वेटर दोषी. मला ते इतकं सरळ वाटत नाही, कारण मग डब्याची वेळ कशाला दिली असती? सुरुवात कुठून करायची आणि अहवालात कारण म्हणून काय लिहायचं?

उघडझाप
अरे बापरे! आधी त्या हॉटेलचं बिल जपून ठेवा. तुकडा त्यांच्या हातात देऊ नका, फोटो काढा आणि ग्राहक आयोगात तक्रार टाका. ही मंडळी "बघतो" म्हणतात आणि पुरावा कचऱ्यात जातो.

पाणीपुरवठा_टेबल६
अहो, मी ग्राहक नाही, परीक्षार्थी आहे :) पण "पुरावा कचऱ्यात जातो" हे उत्तरात वापरण्यासारखं आहे.

डबलशिफ्ट
पाच वर्षं फ्लोअरवर आहे, सरळ सांगतो. माफी, प्लेट उचलायची, त्याच पदार्थाची नवी प्लेट, बिल माफ. ग्राहक शांत झाला की निम्मं काम झालं. दुसरं म्हणजे ६ मि.मी. धोक्यात धरत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शक सूचनेत ७ ते २५ मि.मी. आहे, ते लिहा, परीक्षक खूश होतो. आणि तो तुकडा काच नसूही शकतो. डबाबंद माशात स्ट्रुव्हाइटचे खडे होतात, हुबेहूब काचेसारखे. किचनमध्ये व्हिनेगर गरम करा, तुकडा टाका. विरघळला तर खडा, नाही तर काच. पाच-दहा मिनिटांत निकाल.

जुना_ऑडिटर
डबलशिफ्ट, स्ट्रुव्हाइटचा मुद्दा अगदी बरोबर. डब्याचा तपशील दिलाय तो त्यासाठीच. माशातलेच मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट डब्यात एकत्र येऊन ते खडे बनतात, खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. सौम्य आम्लात गरम केले की विरघळतात, काच विरघळत नाही, हेही खरं.

पण चाचणी किचनमध्ये करू नका. हातात एकच तुकडा आहे. तो विरघळला तर तुम्ही ग्राहकाला दाखवणार काय? "तो खडाच होता, पण आता नाही" यावर कोण विश्वास ठेवील? तुकडा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायचा. ते आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आम्लाची चाचणी नंतर आणि शक्यतो कणभर भागावर.

७ मि.मी. बद्दलही अर्धवट ऐकलंय. ती सूचना तयार उत्पादनावर नियामकाने कधी कारवाई करायची हे ठरवण्यासाठी आहे, आणि त्यातच ७ पेक्षा लहान वस्तू लहान मुलं, वृद्ध, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना धोक्याची ठरू शकते असं आहे. टेबल ६ वर कोण बसलंय हे प्रश्नात नाही. तेव्हा तक्रार हाताळताना मोजपट्टी धरून धोका नाकारायचा नाही. लांबी नोंदीसाठी मोजायची.

आणि "त्याच पदार्थाची नवी प्लेट" हा या प्रश्नातला सापळा आहे. नवी प्लेट त्याच भांड्यातून येणार!

पाणीपुरवठा_टेबल६
हे लक्षातच आलं नव्हतं. मग सर, सुरुवात कुठून?

जुना_ऑडिटर
ग्राहकापासूनच, पण चौकशी म्हणून नाही. काही गिळलं का, तोंडात कुठे टोचतंय का, हे विचारा, डॉक्टरांची मदत देऊ करा. "काही होणार नाही" असं म्हणू नका, ते सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. माफी त्रासाबद्दल मागा. "आमच्या ग्लासची काच पडली" असं म्हणालात तर तपासाआधीच निष्कर्ष दिला.

त्याच मिनिटाला दुसऱ्या माणसाने किचनमध्ये जायचं. विद्यार्थी इथे गुण घालवतात, कारण सगळं लक्ष टेबल ६ वर असतं. ५ वाढप गेलेत, म्हणजे आणखी ४ ग्राहकांसमोर तेच सॅलड असू शकतं. त्या प्लेट्स उचला, खाऊन झालं असेल तर त्यांचीही विचारपूस करा. फ्रीजमधले ३ "रोखून ठेवा" अशी चिठ्ठी लावून बाजूला काढा, फेकू नका. त्याच लॉटचे न उघडलेले डबे वापरातून काढा. १२:४० ला त्या काउंटरवर उघडं असलेलं बाकी सगळं, सजावटीचं साहित्य असो वा बर्फ, तेही थांबवा. बर्फात काच दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कचऱ्याचे डबे रिकामे करू देऊ नका. तक्रार आली की किचनचा हात आपोआप सफाईकडे जातो. त्याच कचऱ्यात फुटलेल्या ग्लासचे तुकडे आहेत आणि लॉट क्रमांक छापलेला रिकामा डबाही. ग्लासचे तुकडे जमले तर काचेची जाडी, रंग, वक्रता सापडलेल्या तुकड्याशी पडताळता येते. पिशवी एकदा बाहेर गेली की दोन्ही धागे तुटले.

काउंटरवाली
आमच्याकडे वेगळाच अनुभव. एका जेवणाऱ्याने केस काढून दाखवला, रंग आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. दोन महिन्यांनी तोच माणूस, परत केस, परत फुकट जेवण. म्हणून मी म्हणते, उत्तरात "तक्रार खोटी असू शकते" हा मुद्दा नक्की घाला.

जुना_ऑडिटर
ताई, अशी माणसं असतात. पण संशय अहवालात लिहायचा नाही. ग्राहकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, तुमचं निरीक्षण वेगळं. आधीच्या तक्रारींची नोंद तपासणं हे तपासाचं काम आहे, तिथे काय निघेल ते निघेल. परीक्षेत "खोटी असू शकते" एवढंच लिहून पुढे गेलात तर ते हात झटकल्यासारखं दिसतं.

पाणीपुरवठा_टेबल६
आता अहवालाचा मसुदा टाकतोय, बघाल का?

"दि. __, दु. १:२०, टेबल ६. ग्राहकाला सॅलडमध्ये काचेचा तुकडा सापडला. १२:४० ला वेटरच्या निष्काळजीपणामुळे ग्लास फुटून काच सॅलडमध्ये पडली. तुकडा ताब्यात घेतला. ग्राहकाला बिल माफ केलं. वेटरला समज दिली."

जुना_ऑडिटर
पाच ओळी, त्यात तीन निष्कर्ष. तुम्हाला दिसलंय काय? पारदर्शक, कठीण, टोकदार तुकडा. तेवढंच लिहा. वागायचं मात्र तो काचच आहे असं धरून: सगळं थांबवायचं, सगळ्यांची विचारपूस करायची. कृती वाईटात वाईट शक्यता धरून आणि नोंद डोळ्यांना दिसलं तेवढीच, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर तुमच्या गटातलं भांडणही मिटेल. मी असा लिहीन:

"दु. १:२०, टेबल ६, ऑर्डर क्र. __. ग्राहकाचे शब्द: 'दाताखाली कचकन आलं.' जखम दिसली नाही, दुखत नसल्याचं ग्राहकाने सांगितलं. वैद्यकीय मदत देऊ केली, (स्वीकारली/नाकारली). वस्तू: पारदर्शक, कठीण, टोकदार, अंदाजे ६ मि.मी. मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढला. १:२६ ला ग्राहकासमोर पिशवीत सील, पिशवीवर वेळ आणि दोघांच्या सह्या. उरलेलं सॅलड वेगळ्या पिशवीत. संभाव्य स्रोत, दोन्ही तपासाधीन: (अ) १२:४० ला फुटलेला ग्लास, (ब) डब्यातील घटक, लॉट क्र. __. थांबवलेला माल: ३ वाढप, परत घेतलेल्या प्लेट्स __, त्याच लॉटचे डबे __. तुकडा कोणाकडे, केव्हा सोपवला: __."

तुमच्या मसुद्यातलं "ताब्यात घेतला" बघा. कोणी घेतला, कुठे ठेवला, प्रयोगशाळेपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेला? ही साखळी मध्येच तुटली तर प्रयोगशाळेच्या निकालाला अर्थ राहत नाही.

वेटरचा जबाब वेगळ्या कागदावर, त्याच दिवशी, त्याच्या शब्दांत. रजिस्टरमध्ये नोंद नसणं ही त्रुटी आहेच, ती लिहा. पण नोंद नाही म्हणून काच पडली, असं सिद्ध होत नाही. आणि कृपा करून रजिस्टरमध्ये १२:४० ची नोंद आता मागाहून घुसवू नका. उशिरा केलेली नोंद "उशिरा केलेली" असं म्हणून, खरी वेळ टाकूनच करायची.

डबलशिफ्ट
व्हिनेगरचं मान्य. पण तुकडा खडा निघाला तर वेटरवर काहीच नाही?

जुना_ऑडिटर
खडा निघाला तरी काच फुटल्यावर उघडं अन्न टाकून न देणं आणि नोंद न करणं या दोन गोष्टी उरतातच. त्यात वेटरपेक्षा पद्धत तपासा: काच फुटली की काउंटर कोण थांबवतं, हे ठरलेलं होतं का? उघड्या अन्नाजवळ काचेचे ग्लास मुळात का होते? सुधारणेचे गुण तिथे आहेत, "समज दिली" यात नाहीत. आणि खडा असेल तर पुरवठादाराला लॉट क्रमांकासह लेखी कळवायचं, ग्राहकाला निकाल सांगायचा. तो भाग बहुतेक जण विसरतात.

उघडझाप
माझा गैरसमज झाला होता, पण एक विचारतो. ग्राहक म्हणाला "तुकडा मी देणार नाही," तर? मी तरी देणार नाही.

जुना_ऑडिटर
हिसकावून घेता येत नाही. त्याच्यासमोर फोटो, मोजमाप, वर्णन, आणि "ग्राहकाने वस्तू स्वतःकडे ठेवली" अशी नोंद करून शक्य असेल तर त्याची सही. सॅलडचा नमुना मात्र तुमच्याकडे राहील.

काउंटरवाली
आमच्या साहेबांचा नियम उलटा आहे: वस्तू दिली नाही तर तक्रार नोंदवायचीच नाही.

जुना_ऑडिटर
तो नियम मला पटत नाही. वस्तू नसली तरी बाकीच्या ४ प्लेट्स समोर आहेतच. पण तुकडा दोघांत वाटून घ्यावा की नाही, यावर ऑडिटरांमध्येही एकमत नाही. ६ मि.मी.चा तुकडा मोडला तर कडा बिघडतात, म्हणून मी तरी मोडू देत नाही.

पाणीपुरवठा_टेबल६
मग उत्तरात दोन्ही बाजू लिहून माझी निवड कारणासह देतो. अहवाल वेगळ्या पानावर, रिकाम्या जागांसकट. डब्याचा लॉट क्रमांक प्रश्नात दिलेला नाही, तिथे मनाने आकडा टाकण्यापेक्षा "रिकाम्या डब्यावरून घेणे" असं लिहिलं तर चालेल ना?

जुना_ऑडिटर
चालेल. मनाने टाकलेला आकडा दिसला असता तर मी गुण कापले असते.