पावसाळ्यात थ्रीडी प्रिंटरचा फिलामेंट ओला होतो, तुमचे अनुभव सांगा

खाडीकाठ, सानपाडा: आज सकाळी फोडणीत मोहरी तडतडली आणि मागचा जुलै आठवला. प्रिंटरच्या नोझलमधून अगदी तस्साच आवाज यायचा. पीईटीजीचा स्पूल तीन आठवडे खिडकीपाशी उघडा राहिला होता. प्रिंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, पृष्ठभाग बारीक फोडांनी खरबरीत. दोन दिवस रिट्रॅक्शन वाढवत बसले, काही फरक नाही. शेवटी स्पूल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: 1236 ग्रॅम. ड्रायरमध्ये 65 अंशांवर सहा तास ठेवल्यावर 1233. आणखी दोन तासांनीही 1233, म्हणजे निघायची तेवढी ओल निघाली. तीच फाइल पुन्हा लावली, धागे जवळजवळ गेले. तीनच ग्रॅम पाणी, पण 240 अंशांच्या नोझलमध्ये त्याची वाफच होते ना! तुमचं काय?

घोडबंदर रोड: माझा पीएलए तडतडत नाही, पण रात्रभर नळीत राहिला की सकाळी तीन तुकडे. हाही ओलाच का?

वाशी से. 17: बहुतेक हो. नळीत वाकलेला असतो, त्यात ओल, म्हणून तिथेच तुटतो. पण ताईंचे 65 अंश पीएलएला लावू नका, 45-50 पुरे. मी घरच्या ओव्हनमध्ये टाकला, बटण 50 वर होतं, आत 70 च्या वर गेलं. वेढे एकमेकांना चिकटले, अख्खा स्पूल फेकला.

कळवा_नाका: एवढं कशाला? तांदळाच्या डब्यात ठेवा, नाहीतर हवा काढलेल्या पिशवीत. झालं काम.

खाडीकाठ, सानपाडा: दादा, पिशवी बाहेरची ओल आत येऊ देत नाही हे बरोबर. पण फिलामेंटमध्ये शिरलेली ती काढत नाही, आणि तांदळानेही निघत नाही. आधी वाळवायचा, मग लगेच डब्यात. मी रबरी कडेच्या झाकणाचा डबा घेतलाय, आत 200 ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा 20 टक्क्यांच्या खाली हवा. नारंगी मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास, पुन्हा नारंगी.

ऐरोली_आई: सिलिका जेल साड्यांच्या कपाटात चालेल का? पैठणीला बुरशी आलीय 😢

वाशी से. 17: अरेरे! चालेल, पण कपाट घट्ट बंद होत नसेल तर दोन दिवसांत मणी हिरवे. पैठणी आधी ड्रायक्लीनवाल्याला दाखवा.

घोडबंदर रोड: काल 50 वर सहा तास ठेवला. झाकण पूर्ण बंद होतं, वजन एक ग्रॅमही उतरलं नाही.

खाडीकाठ, सानपाडा: झाकणाला काडी लावून फट ठेव, वाफ आतच फिरत असेल. शिवाय काटा एक ग्रॅमचाच असेल तर अर्धा ग्रॅम दिसणारच नाही. पुन्हा सहा तास करून बघ.

घोडबंदर रोड: लावते आता. कुकरची शिट्टी झाली, आले.

कळवा_नाका: डब्यातूनच नळी काढून थेट प्रिंट करतं का कोणी? मला ते जास्त पटतंय.

वाशी से. 17: मी करतो, टीपीयूसाठी. पण नळी लांब झाली की टीपीयू अडकतो, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.