अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभावर खरोखर आरसा होता का?

सागरवाट: अलेक्झांड्रियाच्या फारोस बेटावरील दीपस्तंभाचा आरसा शेकडो मैल झोत टाकत असे, असे वाचनात आले. भिंगे नसताना हे कसे शक्य होते आणि वर जाळत तरी काय?

जुना दर्यावर्दी: झोत नव्हताच, असे माझे स्पष्ट मत आहे. हा दीपस्तंभ इ.स.पू. २८० च्या सुमारास उभा राहिला. पहिल्या शतकात त्याविषयी लिहिणाऱ्या रोमन लेखक प्लिनीची तक्रार एवढीच आहे, की अखंड जळणारी ही आग दुरून ताऱ्यासारखी भासते आणि खलाशांची फसगत होऊ शकते. आरशाचा त्याने उल्लेखही केलेला नाही. आरशाच्या अद्भुत कथा पुढे अरबी वर्णनांतून येतात. जळणाबाबतही ठाम नोंद नाही. इजिप्तमध्ये लाकूड दुर्मीळ असल्याने तेलाचा तर्क केला जातो, पण तो तर्कच.

गच्चीवरची चूल: माझा अनुभव उलट सांगतो. माझ्याकडे वाटीच्या आकाराची सूर्यचूल आहे. तिच्या नाभीवर पातेले ठेवले की पाणी उकळते, वीतभर सरकले की नाही. मग नाभीवर आग ठेवली, तर सरळ झोत निघालाच पाहिजे. अंतर्वक्र आरशांचे हे गणित ग्रीकांना ठाऊक होते. शत्रूची जहाजे त्यांनी आरशांनीच जाळली होती ना?

जुना दर्यावर्दी: जहाजांची गोष्ट वेगळी आणि तीही संशयास्पद, गणिताबद्दल मात्र आपण बरोबर आहात. अडचण त्या वीतभरातच आहे. सरपणाची आग मीटरभर रुंद असते, आणि नाभी आरशापासून मीटरभर अंतरावर धरली तर उजेड पन्नासहून अधिक अंशांत फाकतो, म्हणजे झोत उरतच नाही. १७६३ मध्ये लिव्हरपूलजवळ हचिन्सन नावाच्या गोदी-अधिकाऱ्याने लाकडी वाटीत आरशाचे तुकडे बसवून झोत साधला, कारण त्याच्या नाभीवर तेलाच्या दिव्याची लहानशी ज्योत होती. उघड्या आगीपुढे तर धातूचा आरसा काजळीने लवकरच काळवंडतो. स्कॉटलंडच्या मे बेटावर १६३६ पासून उघड्या शेगडीत कोळसा जळे आणि वर्षाला चारशे टनांपर्यंत तो लागे. इतके जळण वर चढवणे हेच रखवालदाराचे मुख्य काम असावे.

किनाऱ्यावरचा: आरसा सोडा, उंचीचे बोला. शंभर मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असते, तर पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफसने उजेड दिसण्याचे अंतर ३०० स्टेडिया म्हणजे अंदाजे ५५ किलोमीटर लिहिले आहे. हे त्याने फुगवून लिहिले, असे का मानू नये?

जुना दर्यावर्दी: पाहणारा डोलकाठीवर असेल तर दहा-बारा किलोमीटर वाढतात, पण तरीही हिशेब पुरा पडत नाही, हे मान्य.

गच्चीवरची चूल: तरी आगीच्या मागे, शहराच्या बाजूला, साधा कांस्याचा पत्रा उभा केला असेल तर? शहराला त्या उजेडाचा उपयोग नव्हता.

जुना दर्यावर्दी: तसे असेल तर समुद्राकडचा उजेड फार तर दुपटीच्या जवळ जाईल. हे मी नाकारत नाही, परंतु त्याला झोत म्हणणार नाही.