मदत हवी आहे: क्लेमच्या व्हाउचरवर "यापुढे कोणताही दावा नाही" असं लिहिलंय, सही कशी करावी?

कुंपणवेल

दादाच्या मोटारसायकलला 11 ऑगस्टला मागून टेम्पोने उडवलं. डाव्या मनगटात प्लेट बसली आहे, फिजिओ चालू आहे, मूठ अजून पूर्ण वळत नाही. गाडी मात्र दुरुस्त होऊन गॅरेजमध्ये उभी आहे.

क्लेम कॅशलेस आहे. एस्टिमेट 41,600 रुपयांचं होतं, त्यातले 33,900 मंजूर झाले. प्लॅस्टिकचे पार्ट 11,000 चे, त्यांचे निम्मे कापले. लोखंडी पार्ट 21,000 चे, गाडी दीड वर्षाची म्हणून त्यांवर दहा टक्के, आणि वर ते ठरलेले 100 रुपये. म्हणजे 5,500 अधिक 2,100 अधिक 100. हिशोब जुळतो, वरचे 7,700 आम्ही भरले, त्याबद्दल भांडण नाही.

भांडण व्हाउचरशी आहे. गाडी सोडण्याआधी कॅशियरने एक छापील कागद पुढे केला. इंग्रजीत आहे, अर्थ असा: "दि. 11 ऑगस्टच्या अपघातातून उद्भवणाऱ्या सर्व दाव्यांपोटी मला पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली असून यापुढे माझा कंपनीविरुद्ध कोणत्याही पॉलिसीखाली कोणताही दावा राहणार नाही." रकमेची जागा कोरी.

दादाच्या पॉलिसीत मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर आहे, त्याचा अर्ज अजून केलेला नाही. त्यात पोलिसांच्या कागदांवरून कळलं की टेम्पोचा विमाही नेमका याच कंपनीचा आहे! सही केली तर ते दोन्ही गेलं का? आणि नाही केली तर गाडी अडकते. "अंडर प्रोटेस्ट" लिहून सही करावी का?

ठोकताळा

उगाच टेन्शन घेताय. विमा नियामकाचं सप्टेंबर 2015 चं परिपत्रक आहे. डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागायचा हक्क जात नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. डोळे मिटून सही करा, गाडी घरी न्या.

मोगरा_72

नो क्लेमचं डिक्लरेशन ना? जपून हं. माझ्या भावजींनी रिन्यूअलच्या वेळी कंपनी बदलली आणि "मागच्या वर्षी क्लेम नाही" असं लिहून दिलं, प्रत्यक्षात आरसा बदलून घेतला होता. 20 टक्के सूट घेतली आणि पुढच्या क्लेमला सगळं बाहेर आलं. खरं काय ते लिहा.

कुंपणवेल

मोगराताई, ते नो क्लेम बोनसचं झालं. इथे क्लेम घेतलाच आहे, पुढचे सोडून द्या म्हणताहेत.

जुना_सर्व्हेअर

मी मोटार क्लेममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ठोकताळा, परिपत्रक खरं आहे, पण "डोळे मिटून" हा भाग खोटा. सही करून मग "दबाव होता" एवढंच म्हटलं तर कोर्ट ऐकेलच असं नाही. जिनस पॉवरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं. कागदावर सही झाली, पैसे घेतले, आणि तक्रारीची नोटीस गेली जवळपास तीन आठवड्यांनी. दबावाचा नुसता दावा पुरला नाही. परिपत्रक ढालीसारखं जवळ असू द्या, पण मुळात घाव बसेल असा कागद कशाला द्यायचा?

आता "अंडर प्रोटेस्ट". ते शब्द रकमेवर वाद असेल तेव्हा कामाचे. तुमचा 33,900 वर वादच नाही. तरीही तुम्ही ते लिहिलंत तर गॅरेजवाला फोन लावणार, कंपनीचा माणूस म्हणणार "यांना रक्कम मान्य नाही", आणि फाइल परत मंजुरीला जाणार. तुम्हाला निषेध करायचा नाही, सहीची हद्द आखायची आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

हद्द कुठे आखायची ते पॉलिसीतच सापडेल. सेक्शन 1 म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, 2 म्हणजे तिसऱ्या व्यक्तीची जबाबदारी, 3 म्हणजे मालक-चालकाचं अपघात कव्हर. कॅशलेसचे पैसे फक्त सेक्शन 1 चे आहेत. म्हणून छापील मजकुरातले "सर्व दाव्यांपोटी" आणि "कोणत्याही पॉलिसीखाली" हे शब्द एका रेघेत खोडा, खाली वाचता आले पाहिजेत. प्रत्येक खाडाखोडीशेजारी दादाची छोटी सही. मग मोकळ्या जागेत हातानं लिहा:

"ही पोच पॉलिसी क्र. ___ च्या सेक्शन 1 खालील, क्लेम क्र. ___ मधील वाहन दुरुस्तीच्या रु. 33,900 एवढ्यापुरतीच आहे. या रकमेबाबत पूर्ण समाधान आहे."

दुसरं वाक्य मुद्दाम घातलंय. गॅरेजला आणि कंपनीला जे हवं ते त्यात मिळतं, त्यामुळे ते अडवायचं कारण उरत नाही. रक्कम आकड्यात आणि अक्षरात स्वतः भरा, मगच सही. सही झाल्यावर तिथेच फोटो काढा आणि त्याच दिवशी तो कंपनीला मेल करा, विषयात क्लेम नंबर टाकून. तीन आठवड्यांनी नाही!

पायरीवरचा

माझा अनुभव थोडा वेगळा, विम्याचा नाही, नोकरीचा. राजीनामा दिल्यावर एचआरने फुल अँड फायनलचा कागद दिला, "सर्व देणी मिळाली, कंपनीकडून काहीही येणं नाही" असा. मी शहाणपणा करून खाली लिहिलं, "ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे वगळून". त्यांनी हू की चू न करता घेतलं, मला वाटलं जिंकलो. दोन महिन्यांनी मागच्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह मागायला गेलो तर माझाच कागद माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही काय काय बाकी ते लिहून दिलंय, त्यात हे नाही." ग्रॅच्युइटी तर मी लिहिलं नसतं तरी कायद्याने मिळाली असती. जे लिहायला हवं होतं तेच राहिलं.

म्हणून विचारतोय, ताईंनी "सेक्शन 3 आणि टेम्पोचा दावा वगळून" असंही लिहावं का?

जुना_सर्व्हेअर

तुमच्या गोष्टीतच उत्तर आहे. "अमुक वगळून सगळं मिळालं" लिहिलं की जे आठवलं नाही ते गेलं. "फक्त अमुक मिळालं" लिहिलं की जे आठवलं नाही ते आपोआप बाहेर राहतं. यादी करायचीच तर मिळालेल्या रकमेची करा, राहिलेल्यांची नको. तुमच्या कागदावर "मूळ वेतन, तारीख अमुक ते अमुक, इतके रुपये, एवढ्याची पोच" असं असतं तर इन्सेन्टिव्हचं दार उघडं राहिलं असतं.

नोंदवही

अपघात दाव्यांच्या प्राधिकरणात माझी ये-जा असते. कुंपणवेल, तुम्ही 15 लाखांच्या मागे आहात, पण ते कव्हर नीट वाचलंय का? मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावणं, एक अवयव किंवा एक डोळा गमावला तर अर्धे, आणि कायमचं पूर्ण अपंगत्व. तेही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दिसलं पाहिजे. मनगट कडक राहणं यात सहसा बसत नाही, दवाखान्याचा खर्चही ते देत नाही. अर्ज करू नका असं म्हणत नाही, पण त्यावर आशा ठेवू नका.

तुमचा खरा दावा टेम्पोचा मालक, चालक आणि त्याच्या विमा कंपनीवर आहे. ऑपरेशनचा खर्च, बुडालेला पगार, मनगट कायमचं किती टक्के अधू झालं ते, सगळं तिथे मागता येतं. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने, म्हणजे 11 फेब्रुवारी डोक्यात पक्की ठेवा. प्लेट बसल्यावर टक्केवारीचा दाखला लगेच मिळत नाही, म्हणून लोक थांबतात आणि तारीख निघून जाते. दाखला मागाहून जोडता येतो.

कंपनी एकच असली तरी ती टेम्पोतर्फे जबाबदार आहे, दादाच्या पॉलिसीतून नाही. तरी "कोणत्याही पॉलिसीखाली" हे शब्द सहीखाली राहिले तर कंपनीचा वकील तो कागद नक्की दाखवणार. शेवटी टिकेल न टिकेल, तुमच्या दोन-तीन तारखा त्यातच जातील. ते शब्द आधी खोडा.

ठोकताळा

बरं, डोळे उघडे ठेवून सही करा. पण ते 7,700 पण टेम्पोवाल्याकडून मागता येतील ना? घसारा आपल्या पॉलिसीने कापला, टेम्पोवाल्याचा त्याच्याशी काय संबंध?

नोंदवही

मागता येतील असं मला वाटतं, कारण ते पैसे तुम्हाला कुणीच दिलेले नाहीत. बिल आणि व्हाउचर दोन्ही जोडा.

जुना_सर्व्हेअर

मला एवढी खात्री नाही. काही व्हाउचरच्या मागच्या बाजूला गाडीच्या नुकसानीचे वसुलीचे हक्क कंपनीला दिल्याचं बारीक अक्षरात असतं. ते दिलेल्या रकमेपुरतं की सगळ्या नुकसानीचं, ते वाचल्याशिवाय काही बोलता येणार नाही. कागद उलटून बघा.

कुंपणवेल

जाऊन आले. कॅशियर आधी "खाडाखोड चालत नाही" म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, कंपनीला फोन लावा, रक्कम आम्हाला मान्य आहे, फक्त कशाची ते लिहितोय. पलीकडच्या बाईंनी वाक्य वाचून घेतलं आणि म्हणाल्या, सेक्शन 1 आणि रक्कम आहे ना, मग घ्या. पाच मिनिटांत झालं.

दादाने डाव्या हातानं कागद दाबून धरत सही केली, तीन ठिकाणी. मग कॅशियरने रेव्हेन्यू स्टॅम्प काढला आणि बरोब्बर आमच्या हातानं लिहिलेल्या वाक्यावर चिकटवायला निघाला! जागाच तेवढी मोकळी होती म्हणे. खाली कोपऱ्यात लावायला लावला, दादाने त्यावर आडवी सही केली, मग फोटो. मेल गाडी चालू करायच्या आधी गेला.

मागची बाजू बघितली, जुनासर. वसुलीचं वाक्य आहे. अक्षर इतकं बारीक की फोटोत वाचता येत नाही, आज रात्री भिंग घेऊन टाइप करून इथे टाकते. 7,700 चं तेव्हा बघू.