रोटेशनला एन्रिचमेंट म्हणायचं का?

फिरतापंखा (मूळ पोस्ट): आमच्या तक्रार विभागात लोक कंटाळले होते. एक जण फक्त नोंद करायचा, दुसरा कागद तपासायचा, तिसरा उत्तर लिहायचा. आता दर पंधरा दिवसांनी जागा बदलतो. जॉब एन्रिचमेंट म्हणतात ते हेच. उगाच बाऊ करून ठेवलाय त्याचा.

मोजपट्टी: हे वाचून राहवलं नाही. काम माणसाला आतून किती उभारी देतं हे मोजणारं, हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांचं गणित तुमच्याच विभागाला लावू. विविधता, कामाचा पूर्णपणा आणि महत्त्व यांची सरासरी काढायची, मग तिला स्वायत्ततेने आणि फीडबॅकने गुणायचं. गुण १ ते ७. आधीच्या रचनेला मी अंदाजाने विविधता २, पूर्णपणा २, महत्त्व ५, स्वायत्तता २, फीडबॅक २ देते. सरासरी ३, गुणाकार १२. रोटेशनने विविधता ५ झाली असं धरा, सरासरी ४, गुणाकार १६. एवढा खटाटोप करून चारच गुण, कारण माणूस कुठल्याही खुर्चीत बसला तरी निर्णय साहेबांचाच आणि तक्रारदाराचं पुढे काय झालं ते त्याला कळतच नाही.

आता खरं एन्रिचमेंट करून बघा: एक तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच्याच हातात द्या. ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई तोच ठरवेल, उत्तरावर सही त्याची, तक्रारदाराचा पुढचा फोनही त्यालाच. विविधता आणि पूर्णपणा दोन्ही ५, स्वायत्तता आणि फीडबॅक ४ धरले तर आकडा ८० होतो.

फिरतापंखा: गुणाकार केला की काहीही फुगतं. नुसती बेरीज केली तरी अंदाज तितकाच बरोबर येतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलंय.

मोजपट्टी: हे मान्य करावं लागेल, गुणाकाराचा तो आग्रह टिकला नाही. मग बेरीज घ्या. १३, १६, २३. क्रम बदलला का?

शिफ्टवाला: आमच्याकडे रोटेशन मनगट दुखतं म्हणून आणलं. पॅकिंगच्या चार जागा, दर दोन तासांनी बदल. पण चारही ठिकाणी मनगट तेच वळतं. महिन्याभरात दुखणं सगळ्यांना वाटून मिळालं. आधी दोघांचं होतं.

मोजपट्टी: दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण खरा आहे. तिथे जागा निवडताना कुठला स्नायू किती वापरला जातो ते बघायला हवं होतं. एक तरी जागा अशी हवी जिथे मनगटाला खरंच आराम मिळेल.

जुनीफाइल: गुण मोजताय, पगार कोण मोजणार? माझ्या आधीच्या नोकरीत दोघी सोडून गेल्या, त्यांच्या फायली माझ्या टेबलावर आल्या. साहेब म्हणाले, तुमचं काम समृद्ध केलं. रात्री आठ वाजेपर्यंत समृद्ध होत बसायचे. पगार तोच, आणि साध्या पत्रालाही मंजुरी लागायची.

फिरतापंखा: सगळीकडे शोषणच दिसतं तुम्हाला. नवीन शिकायला मिळतं हे काहीच नाही?

जुनीफाइल: शिकायला? तीन ढीग सारख्याच फायलींचे होते! तुम्ही बसला असतात का तिथे?

मोजपट्टी: ताई, तुमच्यावर लादलं ते एन्लार्जमेंट, तेही बळजबरीचं. त्याच पातळीचं काम वाढलं, अधिकार वाढला नाही. ओळखायची खूण सोपी आहे: गेल्या महिन्यात ज्या गोष्टीसाठी परवानगी मागावी लागायची, ती आज स्वतः करता येते का? आणि पगाराचं म्हणाल तर हॅकमन-ओल्डहॅमचं मॉडेल त्याबद्दल गप्प नाही. पगार, नोकरीची शाश्वती, वरिष्ठ, सहकारी यांबद्दल असमाधान असेल तर समृद्ध कामाला हवा तसा प्रतिसाद मिळत नाही, हे त्यातच आहे.

जुनीफाइल: मग ते वाक्य साहेबांच्या प्रतीत छापलेलं नसणार. जबाबदारी वाढवली की श्रेणीही वाढवा, एवढंच माझं म्हणणं.

मोजपट्टी: त्यावर तुमच्याशी वाद नाही.

फिरतापंखा: बरं, नाव चुकलं माझं. पण सही त्यांची असली तरी चुकीची भरपाई गेली की मलाच विचारतात. परवा नवीन माणसाने दोन फायली उलट्या केल्या.

मोजपट्टी: म्हणून एका दिवसात सोडायचं नाही. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने १९६८च्या लेखात भागधारकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्यांचा प्रयोग मांडलाय. सही त्यांची केली, तपासणी कमी केली, आणि सुरुवातीला त्यांची कामगिरी घसरली, मग वर गेली. घसरणीच्या त्या दिवसांतच बहुतेक साहेब तपासणी परत आणतात आणि म्हणतात, बघा, जमलं नाही. तुम्ही आधी सगळी उत्तरं तपासा, मग जो चुकत नाही त्याची दहातली दोन. आणि ज्याला खरंच जबाबदारी नको आहे त्याला ओढू नका, सगळ्यांना वाढायची भूक सारखी नसते.

फिरतापंखा: दोघांवर करून बघतो. सगळ्यांवर नाही.

शिफ्टवाला: आणि आमच्या पट्ट्यावर? अख्खा खोका एकाने भरायचा म्हटलं तर पट्टाच थांबेल.

मोजपट्टी: पूर्णपणा तिथे अवघडच. पण खराब माल दिसल्यावर पट्टा थांबवायचा हक्क तुम्हाला आहे का?

शिफ्टवाला: नाही. सुपरवायझरला हाक मारायची. तो येईस्तोवर वीस खोके पुढे.